डेंग्यू: ताप उतरल्यानंतरचे ४८ तास कसे सांभाळायचे

पावसाळा सरत आला की डेंग्यूच्या पेशंटचे नातेवाईक रिपोर्ट हातात घेऊन येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, पेशी किती कमी झाल्यात?" मग जरा सुटल्यासारखा चेहरा करून सांगतात, "ताप मात्र आज सकाळपासून नाहीये." या दोन वाक्यांत दोन मोठ्या चुका आहेत. नजर चुकीच्या आकड्यावर असते, आणि नेमकं सावध व्हायचं त्या दिवशी घर निर्धास्त होतं.

गंभीर डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यामुळे नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत झिरपतो. शिरांमधलं रक्त घट्ट होतं, कमी पडतं, आणि पेशंट शॉकमध्ये जातो. ही गळती ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होते आणि साधारण २४ ते ४८ तास चालते. ती वेळेत ओळखली तर उपचार महागडा नसतो. मोजून दिलेलं सलाईन आणि तासातासाला तपासणी, एवढंच मुख्यतः लागतं. अशी काळजी मिळाली की गंभीर डेंग्यूतही मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली राहतं. ओळखायला उशीर झाला तर तेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं.

पुढचे टप्पे घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी आणि आशाताईंसाठी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनाही ते उपयोगी पडतील. टप्प्यांचा क्रम मोडू नका, कारण पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलेलं नसेल तर पाचव्या टप्प्यात काही कळत नाही.

## १. तापाचा पहिला तास लिहून ठेवा

एक वही घ्या. पहिल्या ओळीत ताप कधी सुरू झाला ते वार आणि वेळेसह लिहा. "तीन-चार दिवस झाले" हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. "सोमवारी संध्याकाळी सहाला थंडी वाजून आली" हे उत्तर कामाचं आहे, कारण डेंग्यूत आजाराचा कितवा दिवस आहे यावर सगळं ठरतं. ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो आणि धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी येतो.

वहीत रोज चार गोष्टी वेळ घालून लिहायच्या: ताप किती, पॅरासिटामॉल कधी दिलं, किती प्यायलं, आणि लघवी कधी झाली. लघवीची नोंद बहुतेक घरं करत नाहीत, पण चारांपैकी सर्वात जास्त उपयोग तिचाच होतो.

दुसरी तयारी रक्ताची. पहिल्या तीन दिवसांतच एक सीबीसी करून घ्या. ती प्लेटलेटसाठी नाही, हिमॅटोक्रिटसाठी करायची. काही लॅब त्याला पीसीव्ही म्हणतात. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे ते हा आकडा सांगतो. पातळ भाग झिरपून गेला की उरलेलं रक्त घट्ट होतं आणि हिमॅटोक्रिट वर चढतो. पण तो चढला हे कळायला आधीचा आकडा लागतो. ॲनिमिया असलेल्या बाईचा नेहमीचा हिमॅटोक्रिट ३० असेल, तर तिचा ३७ हा धोक्याचा आकडा आहे. रिपोर्टवर मात्र तो नॉर्मल म्हणूनच छापून येईल.

तपासून घ्या: वहीत तापाची सुरुवात आहे का? पहिल्या तीन दिवसांतला हिमॅटोक्रिट आहे का? नसेल तर आजच्या आज सीबीसी करा.

डेंग्यू आहे की नाही याच्या चाचणीबद्दल थोडंच सांगतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम, दोन्ही शक्यतो एलायझा पद्धतीने. एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते. आणि पॉझिटिव्ह आली तरी आजार सौम्य राहील की बिघडेल हे ती सांगत नाही. म्हणून रिपोर्टची वाट पाहत पुढचे टप्पे थांबवू नका. डेंग्यूची साथ असताना ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं आणि पांढऱ्या पेशी कमी असं चित्र असेल, तर डेंग्यू धरूनच चालायचं. मलेरियाची तपासणी मात्र सोबत करून घ्यायची, आणि कोकणात किंवा पुराच्या पाण्यातून चालणं झालं असेल तर लेप्टोचाही विचार डॉक्टरांकडे बोलून दाखवायचा.

## २. पेशंट कोणत्या गटात बसतो ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून डेंग्यूचे तीन गट केले आहेत: धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू, धोक्याची लक्षणं असलेला डेंग्यू आणि गंभीर डेंग्यू. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत सौम्य, मध्यम आणि गंभीर असे शब्द येतात. काही कागदांवर अजून डीएचएफ किंवा डीएसएस अशी जुनी नावं दिसतात. नाव कुठलंही असो, प्रश्न एकच असतो: पेशंट घरी राहू शकतो, दवाखान्यात भरती व्हायला हवा, की आत्ता या क्षणी अतिदक्षतेचे उपचार हवेत?

घरी राहू शकतो तो पेशंट, जो तोंडाने पुरेसं पितो, ज्याला दर सहा तासांत किमान एकदा लघवी होते आणि ज्याला पुढे सांगितलेलं एकही धोक्याचं लक्षण नाही. अशा पेशंटला रोज एकदा डॉक्टरांनी पाहायचं आणि सीबीसी रोज किंवा दिवसाआड करायची.

भरती करायचा तो पेशंट, ज्याला धोक्याचं एक जरी लक्षण आहे. एकच पुरेसं आहे. दोन-तीन जमण्याची वाट पाहायची नाही. याशिवाय काहींना लक्षण नसतानाही भरती करावं किंवा निदान रोज दोनदा पाहावं: गरोदर बाई, एक वर्षाच्या आतलं बाळ, वयस्कर माणूस, मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, खूप लठ्ठपणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंटही या यादीत येतात. एकटा राहणारा, किंवा ज्याच्या पाड्यावरून रात्री गाडी मिळत नाही तोही याच गटात धरायचा. दवाखान्याचं अंतर हासुद्धा धोकाच आहे आणि गट ठरवताना तो मोजायलाच हवा.

तिसरा गट गंभीर डेंग्यूचा. प्लाझ्मा इतका झिरपला की शॉक आला किंवा छातीत पाणी साचून धाप लागली. मोठा रक्तस्राव झाला. किंवा यकृत, मेंदू, हृदय यांपैकी एखादा अवयव गंभीरपणे बिघडला. या तिन्हींपैकी एक असलं तरी डेंग्यू गंभीर.

इशारा: गट एकदा ठरला की तोच राहत नाही. सकाळी पहिल्या गटातला पेशंट संध्याकाळी दुसऱ्यात आणि मध्यरात्री तिसऱ्यात जाऊ शकतो. "काल डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं" हे आज लागू होत नाही.

## ३. तापाच्या दिवसांत घरी काय करायचं

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. मुलांना वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम या हिशोबाने, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. मोठ्यांना दिवसभरात ३ ग्रॅमच्या वर नाही, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ताप पूर्ण उतरवण्याच्या नादात डोस वाढवू नका. यकृत आधीच डेंग्यूने सुजलेलं असतं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनामिक ॲसिड आणि ॲस्पिरिन पूर्ण बंद. मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी" म्हणून जे पाकीट मिळतं त्यात यातलंच काहीतरी असतं, म्हणून पाकिटावरचं नाव वाचा. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कमरेत इंजेक्शन घेऊ नका; प्लेटलेट कमी असताना तिथे आत रक्त साचतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने ताप झटकन उतरतो, पण गळती थांबत नाही आणि आपण आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आहोत ते कळेनासं होतं.

प्यायला ओआरएस, नारळपाणी, ताक, तांदळाची पेज, डाळीचं पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. नुसत्या साध्या पाण्यावर राहू नका. पेशंट एकदम ग्लासभर पीत नसेल तर दर दहा मिनिटांनी चार-पाच घोट द्या. किती प्यायला हवं याचं माप लिटरमध्ये शोधत बसण्यापेक्षा लघवीत पाहा: दर चार ते सहा तासांनी होतेय आणि रंग फिका आहे, म्हणजे पुरतंय. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस हे मात्र या आठवड्यात टाळा. उलटी लाल झाली तर ती सरबताची की रक्ताची हे ठरवताना सगळ्यांची धांदल उडते.

पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांच्यामागे धावाधाव होते. माझं मत स्पष्ट आहे: यातल्या कशानेही प्लाझ्माची गळती थांबत नाही. पपईच्या पानांच्या कडू रसाने तर उलट्या सुरू होतात, आणि मग उलटी आजाराची की रसाची हे कळत नाही. वारंवार होणारी उलटी हे धोक्याचं लक्षण आहे; ते असं गढूळ करून ठेवणं परवडत नाही.

"अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा" हा आग्रहही सोडा. नीट पिणाऱ्या पेशंटला सलाईनची गरज नसते. ते लावून घरी आलेल्या पेशंटबद्दल घरचे उगाच निश्चिंत होतात, तोटा तिथे होतो.

तापाच्या दिवसांत पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. या काळात त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि त्याला चावलेला एडिस डास पुढे घरातल्या दुसऱ्यांना आजार देऊ शकतो.

## ४. ताप उतरला की पहारा वाढवा

ताप १०० फॅरनहाइटच्या खाली आला, पॅरासिटामॉलचा असर संपल्यावरही तिथेच राहिला, की तो तास वहीत मोठ्या अक्षरात लिहा. इथून ४८ तास मोजायचे. गोळी दिल्यावर दोन तासांनी उतरलेला ताप यात धरायचा नाही. सहा तासांनी पुन्हा मोजून खात्री करा.

या ४८ तासांत पेशंटला एकटं सोडायचं नाही. शाळा नाही, नोकरी नाही, गावी जाणं नाही. रात्री कुणीतरी शेजारी झोपायचं आणि दर तीन-चार तासांनी उठून पाहायचं. सीबीसी रोज.

बरा होणारा आणि बिघडणारा पेशंट यांच्यातला फरक या दिवशी घरच्या माणसालाही दिसतो. ताप गेल्यावर बरा होणारा पेशंट अंथरुणात उठून बसतो, भूक लागली म्हणतो, मोबाइल मागतो. बिघडणाऱ्याचा ताप गेलेला असतो, पण तो कालच्यापेक्षा गळून गेलेला असतो. खाण्याचं नाव काढत नाही, पोटाला हात लावून पडून राहतो. ताप नाही आणि तरी बरं वाटत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एवढी एक गोष्ट जरी घरात सगळ्यांना ठाऊक असली तरी पुष्कळ जीव वाचतील.

इशारा: थोड्या पेशंटमध्ये, विशेषतः लहान मुलांत, ताप असतानाच गळती सुरू होते. "अजून ताप आहे म्हणजे धोका पुढे आहे" असं समजू नका. धोक्याचं लक्षण कुठल्याही दिवशी दिसलं तरी ते धोक्याचंच.

## ५. धोक्याची लक्षणं एकेक करून तपासा

लक्षणं पाठ करून भागत नाही, विचारावी आणि पाहावी लागतात. पेशंट आपणहून सांगेलच असं नाही.

पोटदुखी. सारखी राहणारी, वाढत जाणारी, बहुधा वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली. तिथे हलकं दाबलं तर पेशंट कळवळतो. घरी याला ॲसिडिटी समजून गोळी दिली जाते आणि अर्धा दिवस वाया जातो. डेंग्यूत चौथ्या-पाचव्या दिवशी नव्याने पोट दुखू लागलं, तर ती ॲसिडिटी नाही असं समजूनच वागा.

उलट्या. दिवसात तीन किंवा जास्त, किंवा प्यायलेलं काहीच पोटात ठरत नाही. इथे दुहेरी नुकसान होतं: आतून गळती चालू असते आणि तोंडाने भरपाई होत नाही.

रक्त. हिरड्यांतून, नाकातून, उलटीत, लघवीत. शी डांबरासारखी काळी होणं. बायकांत पाळी नेहमीपेक्षा जास्त जाणं किंवा अवेळी येणं. हे शेवटचं विचारलंच जात नाही आणि ती बाईही लाजून सांगत नाही. म्हणून घरातल्या बाईने किंवा आशाताईने मुद्दाम विचारावं. अंगावरचे बारीक लाल ठिपके मात्र एवढ्याने घाबरण्यासारखे नसतात.

वागणं बदलणं. खूप सुस्ती, किंवा उलट बेचैनी. मूल चिडचिड करतं, एका कुशीवर राहत नाही, आईकडूनही शांत होत नाही. मोठा माणूस बसल्या जागी घेरी आल्याचं सांगतो. मेंदूला रक्त कमी पडू लागल्याची ही खूण असू शकते.

पाणी साचणं. पोट फुगल्यासारखं, आडवं झाल्यावर धाप, पापण्या सुजलेल्या. डॉक्टरांना सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड झालेली आणि पोटात किंवा छातीत पाणी दिसतं. यकृत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढलेलं हाताला लागतं.

आणि रक्ताच्या रिपोर्टमधली जोडी: हिमॅटोक्रिट वर जातोय आणि त्याच वेळी प्लेटलेट वेगाने खाली येताहेत. दोन्ही एकत्र पाहायचं. नुसत्या प्लेटलेट पाहून भागत नाही.

## ६. बीपी पडायच्या आधी शॉक ओळखा

"बीपी तर १०४ आहे, छान आहे." डेंग्यूत सर्वाधिक फसवणारं वाक्य हेच असेल. शरीर आतून रक्त कमी पडू लागलं की हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्यामुळे वरचा आकडा टिकून राहतो आणि खालचा आकडा चढतो. म्हणून दोन्हींतला फरक काढा. वरचा वजा खालचा २० किंवा त्याहून कमी आला, तर पेशंट शॉकमध्ये आहे, मग तो बोलत असो वा चालत आलेला असो. डेंग्यूच्या शॉकमधला पेशंट शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. म्हणून तर तो सुटून जातो. वरचा आकडा प्रत्यक्ष पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

बीपीचं यंत्र नसेल तरी तीन गोष्टी हाताने कळतात. एक, ताप नसताना हातपाय गार आणि ओलसर. घरी याचा अर्थ "ताप पूर्ण निघाला" असा लावला जातो. दोन, मनगटावरची नाडी जलद आणि बारीक. तीन, नखाची परीक्षा: पेशंटचं बोट त्याच्या छातीच्या उंचीवर धरून नख पाच सेकंद दाबा, पांढरं होईल, सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. त्याहून उशीर लागला तर रक्त टोकापर्यंत पोचत नाहीये.

तपासून घ्या: बीपीचं डिजिटल यंत्र पुन्हा पुन्हा एरर दाखवत असेल तर यंत्राला दोष देऊन थांबू नका. नाडी बारीक झाली की असंच होतं. आधी पेशंटचे हात गार आहेत का पाहा.

### एक पेशंट तासांच्या हिशोबात

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घेऊ. चौतीस वर्षांची बाई, वजन ५५ किलो. सोमवारी संध्याकाळी सहाला ताप. बुधवारी सकाळची सीबीसी: हिमॅटोक्रिट ३६, प्लेटलेट १ लाख ४० हजार. पॅरासिटामॉल आणि ओआरएसवर घरीच.

शुक्रवारी सकाळी सातला ताप ९९, गोळी घेऊन नऊ तास झालेले. घरात आनंद. त्यानंतर दुपारी दोनपर्यंत तीन उलट्या, बरगडीखाली दुखणं, आणि वहीत लघवीची शेवटची नोंद सकाळी सातची. म्हणजे सात तास लघवी नाही. नणंदेने वही पाहिली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात बीपी १०४/८६, नाडी ११२, हात गार. हिमॅटोक्रिट ४४, प्लेटलेट ६२ हजार. आता हिशोब करू. हिमॅटोक्रिट ३६ वरून ४४, म्हणजे आठने वाढला. ३६ च्या मानाने आठ म्हणजे सुमारे २२ टक्के. वीस टक्क्यांच्या वर वाढ म्हणजे भरपूर गळती. बीपीतला फरक १८. म्हणजे ही बाई शॉकमध्ये आहे, डेंग्यू गंभीर आहे, आणि ६२ हजार प्लेटलेट पाहून तिला "अजून ठीक आहे" म्हणून परत पाठवलं असतं तर रात्र कठीण गेली असती.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक तरुण. प्लेटलेट २२ हजार. पण ताप जाऊन तीन दिवस झालेत, हिमॅटोक्रिट ४२ वरून ४१, लघवी भरपूर, सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या. त्याचे नातेवाईक प्लेटलेटसाठी रक्तदाते शोधत फिरताहेत. धोक्यात ती बाई आहे, तो तरुण बरा होतोय.

## ७. दवाखान्यात काय सांगायचं, काय मागायचं

कॅज्युअल्टीत "डेंग्यू आहे, पेशी कमी आहेत" असं सांगू नका. असं सांगा: "तापाचा पाचवा दिवस, ताप सकाळी सातला गेला, तेव्हापासून तीन उलट्या, पोट दुखतंय, सात तास लघवी नाही, बुधवारचा हिमॅटोक्रिट ३६ होता." वही दाखवा. या एका वाक्यावर डॉक्टर पाच मिनिटांत निर्णय घेऊ शकतात.

खेड्यात असाल तर १०८ ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सहकाऱ्यांना विनंती: शॉकमधला पेशंट नुसता चिठ्ठी देऊन पुढे पाठवू नका. शीर मिळवा, सलाईन सुरू करा, मग गाडीत बसवा. चिठ्ठीवर किती वाजल्यापासून किती मिली दिलं ते लिहा. तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे दोन तास याच सलाईनवर निघतात.

सलाईनचं गणित वजनावर असतं, बाटल्यांवर नाही. नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट. धोक्याची लक्षणं आहेत पण शॉक नाही, अशा पेशंटला दर किलोला तासाला ५ ते ७ मिलीने सुरुवात करून एक-दोन तासांनी ३ ते ५ आणि मग २ ते ३ वर आणतात. वरच्या बाईसारखा, बीपी टिकून असलेला शॉक असेल तर पहिल्या तासात दर किलोला ५ ते १० मिली, म्हणजे तिला २७५ ते ५५० मिली. मग पुन्हा नाडी, बीपीतला फरक, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहून वेग कमी करत न्यायचा. बीपी पडलेलंच असेल तर दर किलोला २० मिली पंधरा मिनिटांत. हे आकडे डॉक्टरांसाठी आहेत. घरच्यांनी एवढंच लक्षात घ्यायचं की सलाईनचा वेग सारखा बदलणं हा हलगर्जीपणा नाही, तोच योग्य उपचार आहे.

सलाईन चालू असताना हिमॅटोक्रिट खाली आला, तर दोन शक्यता असतात. नाडी शांत, हातपाय उबदार, लघवी छान: भरपाई झाली. पण हिमॅटोक्रिट खाली आणि तरी नाडी जलद, पेशंट अस्वस्थ: आत कुठेतरी रक्तस्राव होतोय, बहुधा पोटात. अशा वेळी सलाईन वाढवून उपयोग नाही, ताजं रक्त लागतं.

प्लेटलेटबद्दल नातेवाईकांचा डॉक्टरांवर फार दबाव असतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढवल्याने फायदा होत नाही. सिंगापूर आणि मलेशियात २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या प्रौढांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. चढवलेल्यांत आणि न चढवलेल्यांत रक्तस्राव टळण्याच्या बाबतीत फरक पडला नाही, उलट चढवलेल्यांना रिॲक्शन जास्त आल्या. आपल्याकडच्या सूचनांत रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर विचार करायला सांगितलं आहे. म्हणून राउंडला डॉक्टरांना विचारायचा प्रश्न बदला: "हिमॅटोक्रिट किती आहे, लघवी किती झाली, बीपीत फरक किती आहे?"

## ८. गळती थांबली की सलाईनही थांबवा

४८ तास उलटले, भूक लागली, लघवी मोकळी होऊ लागली, हातापायांवर लालसर पुरळ येऊन खाज सुटली आणि लालीमध्ये पांढरे ठिपके दिसू लागले, की वारं फिरलं असं समजायचं. नाडी थोडी मंद होते. पेशंट ठीक असेल तर या मंद नाडीने घाबरायचं नाही.

आता आतमध्ये झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं. या वेळीही सलाईन चालूच ठेवलं तर फुप्फुसांत पाणी भरतं. धोक्याच्या रात्रीतून सुखरूप निघालेला पेशंट दोन दिवसांनी धापेने दगावू शकतो तो असा. "अजून अशक्त आहे, आणखी एक बाटली लावा" असा आग्रह इथे धरू नका.

इशारा: बरं होण्याच्या टप्प्यात नव्याने धाप, खोकला किंवा आडवं झाल्यावर गुदमरल्यासारखं वाटलं, तर लगेच सिस्टरना बोलवा आणि सलाईन चालू आहे का ते विचारा.

घरी सोडताना एवढं पाहा: गोळीशिवाय किमान २४ तास, शक्यतो ४८ तास ताप नाही, पेशंट नीट खातो, लघवी भरपूर, सलाईन बंद केल्यावरही हिमॅटोक्रिट स्थिर, धाप नाही, आणि प्लेटलेट वर चढू लागल्या आहेत. त्या दीड लाख होईपर्यंत भरती ठेवायची गरज नसते. खूप थकवा काही आठवडे राहू शकतो. अंगदुखीच्या ज्या गोळ्या बंद केल्या होत्या, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लगेच सुरू करू नका.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एका प्रकाराने आजार झाला की त्या प्रकारापासून संरक्षण राहतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराने झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून डिस्चार्ज कार्ड, एनएस-१ किंवा आयजीएमचा रिपोर्ट आणि पहिल्या तीन दिवसांतली सीबीसी एकत्र फाइलला लावून ठेवा, आणि पुढच्या वेळी ताप आला की पहिल्याच दिवशी ती फाइल डॉक्टरांसमोर ठेवा.